पाऊण बहीण, पाव भाऊ

सातेरी माश्यांच्या पेटीतली राणी मेली आणि काही आठवडे ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर जाणता मधपाळ चौकट उजेडाकडे धरूनच ते ओळखतो. राणी असते तेव्हा प्रत्येक षटकोनी घराच्या तळाशी मधोमध एकच अंडे उभे असते. राणी नसलेल्या पेटीत एकेका घरात तीन, चार, कधी त्याहून जास्त अंडी दिसतात आणि त्यांतली बरीचशी तळाला नसून भिंतीला चिकटलेली असतात. ती घालणाऱ्या माश्यांचे पोट राणीइतके लांब नसते, ते तळापर्यंत पोचत नाही. पुढे त्या घरांवर घुमटासारखी फुगीर टोपणे चढतात आणि आतून बाहेर येतात ते सगळे नर.

ही अंडी कामकरी माश्यांची असतात. म्हणजे आपण ज्यांना जन्मभर वांझ समजतो त्या माश्यांना अंडी घालता येतात. त्यांचे नराशी मीलन झालेले नसते, तरीही त्या अंड्यांतून धडधाकट नर जन्मतात. मग राणी जिवंत असताना याच माश्या आईच्या अंड्यांना राखतात, तिच्या पिल्लांना भरवतात, पोळ्यावर हात घालणाऱ्याला नांगी मारून स्वतः मरतात आणि स्वतःची अंडी मात्र घालत नाहीत, हे कसे?

एकाच घरात आई आणि मुली अशा दोन पिढ्या नांदतात, पिल्ले सगळ्या मिळून वाढवतात आणि प्रजोत्पादन मात्र एक-दोघींच्याच वाट्याला येते, अशा राहणीला जीवशास्त्रात युसोशल, म्हणजे पूर्णसामाजिक, म्हणतात. सगळ्या मुंग्यांच्या कुळाची, मधमाश्यांची आणि वाळवीची राहणी अशी आहे. 1859 साली चार्ल्स डार्विनने आपल्या ग्रंथात या वांझ कामकऱ्यांची अडचण उघडपणे मांडली होती. ज्यांना संततीच नाही त्यांचे गुण पुढच्या पिढीत उतरतात कसे? निवड एकट्या जिवाची होत नसून कुटुंबाचीही होते, असे उत्तर त्याने सुचवले. पण कुटुंब म्हणजे नेमके किती, याचा हिशेब त्याला करता आला नाही. जनुके कशी वाटली जातात हे त्याच्या काळी माहीत नव्हते.

तो हिशेब 1964 साली विल्यम हॅमिल्टन या इंग्रज तरुणाने मांडला. त्याचे म्हणणे असे: माझी जनुके माझ्या मुलांत उतरतात, तशीच माझ्या आईवडिलांकडून ती माझ्या भावंडांतही उतरलेली असतात. म्हणून स्वतःचे नुकसान सोसून आप्ताला मदत करण्याचा गुण टिकू शकतो. अट एवढीच की आप्ताला होणारा फायदा नात्याच्या अंशाने गुणला तर तो स्वतःच्या तोट्याहून जास्त भरला पाहिजे. सूत्रात लिहायचे तर rb > c. इथे r म्हणजे नाते, b म्हणजे आप्ताला झालेला फायदा आणि c म्हणजे मदत करणाराचा तोटा. फायदा आणि तोटा दोन्ही पिल्लांच्या संख्येत मोजायचे. या विचाराला नातेनिवड म्हणतात.

आता मधमाशीचे नाते मोजू. त्यासाठी तिच्या जन्माची रीत समजून घ्यावी लागते. राणी आयुष्याच्या सुरुवातीला उडून जाऊन मीलन करते आणि मिळालेल्या शुक्रपेशी पोटातल्या एका पिशवीत वर्षानुवर्षे जपून ठेवते. अंडे घालताना त्यावर शुक्रपेशी सोडली तर मादी होते, न सोडली तर नर. नराला बाप नसतो. सिलेसियातल्या योहान झिएर्झोन नावाच्या पाद्र्याने 1845 साली आपल्या पोळ्यांवरून हे सांगितले, तेव्हा पुष्कळांना ते पटले नव्हते. मधमाशीच्या मादीत गुणसूत्रांच्या 16 जोड्या, म्हणजे 32 गुणसूत्रे असतात. नरात सुटी 16 असतात. मादी द्विगुणित आणि नर एकगुणित, अशी ही रीत मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या या सबंध गणात आहे.

यातून नात्याची एक विलक्षण बेरीज निघते. ती मांडायला आपल्या जुन्या मापांतले पाव, अर्धा आणि पाऊण हे शब्द फार सोयीचे आहेत. नराकडे जनुकांचा एकच संच असल्यामुळे त्याची प्रत्येक शुक्रपेशी दुसरीची हुबेहूब नक्कल असते. समजा राणीने एकाच नराशी मीलन केले. मग तिच्या दोन मुलींना बापाकडून मिळालेला अर्धा वाटा तंतोतंत सारखा असणार. आईकडून आलेल्या अर्ध्या वाट्यातला निम्मा, म्हणजे पाव, सारखा असणार. अर्धा आणि पाव मिळून पाऊण. माणसांत सख्ख्या बहिणींचे नाते अर्धे भरते, इथे ते पाऊण आहे. आणि या माशीला स्वतःची मुलगी झाली असती तर तिच्याशी नाते अर्धेच राहिले असते. म्हणजे पोटच्या मुलीपेक्षा बहीण जवळची! मग मुली वाढवण्यापेक्षा आईला आणखी बहिणी वाढवू देणे फायद्याचे, आणि कामकरी माशीचा त्याग हा जनुकांच्या हिशेबात तोट्याचा सौदा नाही.

हे स्पष्टीकरण इतके देखणे आहे की पाठ्यपुस्तकांत आजही बरेचदा इथेच विषय संपवला जातो. मुंग्यांचा मोठा अभ्यासक एडवर्ड विल्सन याने आत्मचरित्रात लिहिले आहे की 1965 साली बॉस्टनहून मायामीला जाणाऱ्या आगगाडीत त्याने हॅमिल्टनचा निबंध वाचायला घेतला. सुरुवातीला तो चिडला, त्यात चूक शोधू लागला आणि मायामी येईपर्यंत त्याचे मत बदललेले होते. पण पाऊण या आकड्यावर मुक्काम करणे चूक आहे. मला या विषयात सर्वांत रस आहे तो त्या आकड्याच्या पुढे काय होते त्यात.

पहिली अडचण भावाची. बापाकडून मिळालेला बहिणीचा अर्धा वाटा भावात मुळीच नसतो, कारण भावाला बापच नाही. आईकडच्या वाट्यातला निम्मा तेवढा जुळतो. म्हणून बहिणीच्या जनुकांतली पावच भावात सापडतात. आईने मुली आणि मुलगे सारखेच घातले तर पाऊण आणि पाव यांची सरासरी अर्धी येते, आणि स्वतःच्या पोटच्या पिल्लांशीही नाते अर्धेच असते. सगळा फायदा भावांनी खाऊन टाकला.

यावर 1976 साली रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि होप हेअर यांनी म्हटले की कामकऱ्यांनी हात राखून भावांना कमी आणि भावी राण्यांना जास्त भरवले, तीनास एक असे प्रमाण ठेवले, तर त्यांचे हित साधेल. वीसेक जातींच्या मुंग्यांच्या नर-माद्यांची वजने ताडून त्यांनी प्रमाण सुमारे तितकेच भरते असे दाखवले. त्यांच्या मोजणीवर पुढे बरीच टीका झाली. तरी कामकऱ्या खरोखरच असे करतात, याचा चोख पुरावा वीस वर्षांनी फिनलंडमध्ये मिळाला.

तिथल्या जंगलात फॉर्मिका एक्सेक्टा नावाची मुंगी गवताच्या काड्यांचे ढीग रचून राहते. काही वारुळांतल्या राणीने एकाच नराशी मीलन केलेले असते, काहींतल्या राणीने एकाहून जास्त नरांशी. लिसेलॉट सुंडस्ट्रॉम, मिशेल शापुइसा आणि लॉरेंट केलर यांनी दोन्ही प्रकारच्या वारुळांतली अंडी तपासली, तेव्हा नर-अंड्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले. राणी भेद करत नव्हती. पण कोष तयार होईपर्यंत चित्र बदलले. जिथे राणीचा नर एकच, म्हणजे जिथे बहिणी पाऊण आणि भाऊ पाव, तिथले बरेच भाऊ मधल्या काळात नाहीसे झाले होते. कामकऱ्यांनी त्यांना मारले होते. जिथे बाप अनेक होते, तिथे बहिणींचे नाते उतरलेले असते आणि भावाचे मात्र पाव ते पावच राहते. तिथल्या भावांना वाढू दिले होते. 1996 साली प्रसिद्ध झालेले हे काम नातेनिवडीच्या सर्वांत सुंदर पुराव्यांपैकी एक आहे, असे मला वाटते. एकच जात, एकच जंगल, आणि वागणे बदलते ते नात्याच्या अपूर्णांकाने.

तरीही यातून ‘पाऊण नात्यामुळे कामकरी जन्मली’ हे सिद्ध होत नाही. समजा परिसरातल्या सगळ्याच वारुळांनी तीन राण्यांमागे एक नर असे प्रमाण धरले. पुढच्या पिढीतल्या प्रत्येक मुलीला एक आई आणि एक बाप लागणारच. नर तिपटीने कमी झाले, तर प्रत्येक नराला सरासरी तिप्पट मीलने मिळतील. भाऊ पावच आहे, पण त्याची किंमत तिप्पट झाली. पाव गुणिले तीन म्हणजे पुन्हा पाऊण. बहिणींना झुकते माप देऊन मिळवलेला फायदा प्रमाण सर्वत्र तीनास एक झाले की गळून जातो. तो उरतो फक्त काही वारुळे नर जास्त काढत असतील आणि काही माद्या, तेव्हाच. फिनलंडमध्ये असेच होते.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे, आणि ती थेट आपल्या मधपेटीतली आहे. मधमाशीची राणी एकाच नराशी मीलन करत नाही. सातेरी आणि युरोपीय मधमाशीच्या राण्या दहा-वीस नरांशी मीलन करतात, आग्या मोहोळाची राणी कित्येक डझन नरांशी. मग पोळ्यातल्या बहुतेक बहिणी एकमेकींच्या सावत्र असतात, आई एक पण बाप निराळा. सावत्र बहिणीचे नाते पाव. दहा बाप असतील तर सरासरी नाते 0.30 येते. ज्या प्राण्याचे उदाहरण देऊन पाऊण बहिणीची गोष्ट सांगितली जाते, त्याच्याच घरात पाऊण बहीण विरळा. हॅमिल्टनला हे ठाऊक होते. अनेक नरांशी होणारे मीलन आपल्या विचाराला अडचणीचे आहे, हे त्याने 1964 सालीच लिहून ठेवले होते.

तर मग राणी असताना कामकऱ्या अंडी का घालत नाहीत? मला इथेच नात्याच्या हिशेबाची खरी ताकद दिसते. प्रश्न आता बहिणीचा नाही, भाच्याचा आहे. कामकरीने घातलेले अंडे म्हणजे तिच्या बहिणींचा भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा असेल तर नाते पाऊणाचे निम्मे, म्हणजे दीडपाव. ते भावाच्या पावापेक्षा जास्त आहे. म्हणून राणीचा नर एकच असता तर बहिणींनी भाच्याला भावापेक्षा जास्त मानले असते. पण सावत्र बहिणीचा मुलगा फक्त अदपाव, पावाचाही निम्मा. दोन बाप असले की भाच्यांचे सरासरी नाते बरोबर पाव होते, भावाइतके. दोनाहून जास्त बाप झाले की भाऊ जवळचा आणि भाचा दूरचा. दहा बाप असतील तर भाच्याचे सरासरी नाते 0.15 आणि भावाचे 0.25. म्हणजे प्रत्येक कामकरीला स्वतःचा मुलगा हवा असतो, पण दुसऱ्या कोणाचाही मुलगा नको असतो. त्यापेक्षा आईचा मुलगा परवडतो.

फ्रान्सिस रॅटनिक्स यांनी 1988 साली हा हिशेब मांडून भाकीत केले की मधमाश्या एकमेकींची अंडी नष्ट करत असतील. पुढच्याच वर्षी त्यांनी कर्क व्हिशर यांच्याबरोबर प्रयोग केला. राणीची नर-अंडी आणि कामकऱ्यांची नर-अंडी एकाच पोळ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर राणीची अंडी बरीचशी शिल्लक आणि कामकऱ्यांची जवळजवळ साफ. माश्यांनी ती खाल्ली होती. राणी असलेल्या पोळ्यात कामकऱ्यांपैकी कोणी ना कोणी अधूनमधून अंडे घालतच असते, पण प्रौढ नरांत कामकरीचा मुलगा हजारात एखादाच असतो. याला कामकऱ्यांची पहारेदारी म्हणतात. बाहेरून शांत दिसणाऱ्या पोळ्यातला संयम असा एकमेकींनी राखवून घेतलेला आहे. घातलेले अंडे खाल्लेच जाणार असेल, तर अंडाशय वाढवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा आईची पिल्ले वाढवण्यातच फायदा उरतो.

पण हे सगळे आजचे चित्र झाले. ही राहणी मुळात सुरू कशी झाली? या प्रश्नावर एकगुणित-द्विगुणित रीत एकटी पुरत नाही, हे वाळवीकडे पाहिले की लगेच कळते. वाळवीत नर-मादी दोघेही आपल्यासारखेच द्विगुणित आहेत. पाऊण बहीण तिथे संभवतच नाही, तरी वाळवीचे वारूळ मुंग्यांच्या वारुळाइतकेच पूर्णसामाजिक आहे. आफ्रिकेत जमिनीखाली बिळे खणून राहणारा केसविरहित उंदरासारखा एक सस्तन प्राणीही असाच राहतो. उलट एकगुणित नर असणाऱ्या गणातल्या बहुतेक गांधीलमाश्या आणि माश्या एकट्याच राहतात, एकट्याच पिल्ले वाढवतात. म्हणजे ती रीत असली की समाज होतोच असे नाही, आणि समाज व्हायला ती रीत लागतेच असेही नाही.

मग लागते काय? पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेल्या मुंग्या आणि वाळवी जमते. मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचा अंत जवळ आला, असे आपण म्हणतो. नर मुंगीच्या बाबतीत ते खरेच आहे, मीलनानंतर तो मरतो. वाळवीचा नर मात्र राणीबरोबर जमिनीत शिरतो, राजा म्हणून वारुळात राहतो आणि तिच्याशी वारंवार मीलन करतो. एका राणीचा जन्मभर एकच नर, मग तो जिवंत असो की शुक्रपेशींच्या रूपाने तिच्या पोटात असो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. असे असेल तर आईच्या पुढच्या पिल्लांशी माझे सरासरी नाते अर्धे, आणि माझ्या स्वतःच्या पिल्लांशीही अर्धेच. दोन्ही पारडी समान झाली की आईच्या घरात पिल्ले वाढवणे थोडेसे जरी सोपे असेल तरी मदत करण्याचा गुण टिकतो. 2008 साली विल्यम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्यांच्या 267 जातींच्या वंशावळीवरून मागे जात पाहिले, तेव्हा पूर्णसामाजिक राहणी जिथे जिथे स्वतंत्रपणे उपजली त्या आठही शाखांच्या मुळाशी एका नराशी मीलन करणारी मादीच निघाली. अनेक नरांची रीत नंतर आली, कामकऱ्यांना परतीची वाट उरली नव्हती तेव्हा.

थोडक्यात, r पुरेसा असावा लागतो, पण खेळ b आणि c यांचाही आहे. आपल्याकडे हे सर्वांत बारकाईने पाहिले ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या राघवेंद्र गदगकर यांनी. त्यांनी ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. हिची कागदी पोळी दक्षिण भारतात ठिकठिकाणी दिसतात. हिच्या कामकऱ्या वांझ नाहीत. कोणीही पोळे सोडून एकटीने नवे पोळे सुरू करू शकते, आणि काही जणी करतातही. राणी काढून घेतली की एक कामकरी लगेच आक्रमक होते आणि काही दिवसांत राणी बनते. इथे राण्या एकाहून जास्त नरांशी मीलन करतात आणि एका पोळ्यात एकामागून एक बदलतात. त्यामुळे कामकरी जिला वाढवते ती कधी बहीण, कधी भाची, कधी त्याहून दूरची. नाते पाऊणाच्या कितीतरी खाली असते, आणि पोळ्यातल्या जवळच्या-दूरच्या नातलगांत त्या भेद करतानाही दिसत नाहीत.

तरी बहुसंख्य माश्या पोळ्यात राहून कामकरीच होतात. का? गदगकर यांनी मांडलेले एक कारण मला फार पटते. पिल्लू अंड्यापासून प्रौढ व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि बाहेर शिकार आणायला जाणारी माशी कधी मरेल याचा नेम नसतो. एकटी माशी मधेच मेली, तर तिने तोवर घातलेले सगळे अन्न आणि सगळी अंडी वाया. पोळ्यातली कामकरी दहा दिवस पिल्ले भरवून मेली, तरी उरलेले काम दुसऱ्या माश्या पुरे करतात आणि तिच्या दहा दिवसांचे फळ बुडत नाही. हे सूत्रातल्या b आणि c चे काम आहे. नाते पातळ असूनही बेरीज जमते ती त्यामुळे.

2010 साली त्याच एडवर्ड विल्सनने मार्टिन नोव्हाक आणि कोरिना टार्निटा यांच्यासह लिहिले की नातेनिवडीची गरजच नाही, साधी निवड पुरते. पुढच्या वर्षी 137 शास्त्रज्ञांनी सही करून त्याला उत्तर दिले. पाऊण या आकड्यावर सगळा भार टाकणे चूक होते, याबद्दल तो वाद नव्हता. ते दोन्ही बाजूंना मान्य होते. पण फिनलंडच्या मुंग्यांनी नेमके कोणते भाऊ मारले आणि मधमाश्यांनी नेमकी कोणाची अंडी खाल्ली, हे आधी सांगू शकेल असा दुसरा हिशेब मला माहीत नाही. मी या वादात 137 जणांच्या बाजूला आहे.

आता पुन्हा त्या राणी मेलेल्या पेटीकडे. राणी मेली त्या दिवशी कामकऱ्यांचे आपसातले नाते जराही बदललेले नव्हते. त्या कालइतक्याच सावत्र होत्या. अगदी कोवळ्या अळ्या असत्या तर राजान्न भरवून त्यांनी नवी राणी केली असती. त्या नव्हत्या किंवा तो प्रयत्न फसला, म्हणून आता आई नाही आणि पुढे बहिणी-भाऊ होणार नाहीत. मदत करून मिळणारा b शून्यावर आला. भाच्याचे अंडे खाण्यात काही राखले जात नाही, कारण त्याच्या जागी वाढवायला भाऊच नाही. पहारा ढिला पडतो आणि अनेकींचे अंडाशय वाढतात. पेटी टिकणार नाही, कामकऱ्या एकेक करून मरत जातील, पण तोवर काही शे नर उडून जातील आणि त्यांतला एखादा दुसऱ्या पोळ्याच्या राणीला गाठेल. मधपाळाला इथे नवी राणी सोडून फारसा उपयोग होत नाही, या माश्या तिला बहुधा मारतात. तो राणी असलेल्या सशक्त पेटीला ही पेटी जोडून टाकतो. त्या पेटीत पहारा चालूच असतो, आणि भिंतीला चिकटलेली अंडी काही दिवसांत दिसेनाशी होतात.